एक स्कूप म्हणजे किती ग्रॅम?

आत्याच्या वहीत परवाच्या तारखेखाली एक ओळ होती : 'आईस्क्रीम, व्हॅनिला, एक स्कूप – १३७'. डॉक्टरांनी वजन थोडं उतरवायला सांगितल्यापासून ती जे खाईल ते लिहून ठेवते. पोळ्या किती, भात किती वाट्या, चहात साखर किती, सगळं. पोळीपुढचा कॅलरींचा आकडा ती स्वतःच्या पोळीचं वजन करून काढते, कारण तिची पोळी लहान असते आणि तक्त्यातली मोठी. आईस्क्रीमपुढचा १३७ मात्र नातवाने मोबाईलवर बघून सांगितलेला. वही माझ्यापुढे सरकवून तिने विचारलं, ''अगं, कोनात घेतलं तर यात किती मिळवायचे? आणि कपात घेतलं तर एवढेच ना?''

मी पुण्यात आहारसल्ल्याचं काम करते. फेब्रुवारीअखेर ऊन तापायला लागलं की हाच प्रश्न मला सगळ्यांकडून येतो, आणि तो नेहमी याच रूपात येतो : कोन की कप? स्कूप किती मोठा होता, हे कुणी विचारत नाही. एक स्कूप म्हणजे एक ठरलेलं माप, असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. मला मात्र वाटतं, की या हिशोबातली खरी अडचण तिथेच आहे. कोनाचा आकडा बऱ्यापैकी नक्की सांगता येतो. कागदी कपाचा तर शून्यच. बेभरवशाचा आहे तो वरचा गोळा.

आधी तो १३७ कुठून आला ते सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते आहेत, आणि मोबाईलवरची बरीचशी कॅलरी मोजणारी अ‍ॅप्स त्यांच्यावर चालतात. त्या तक्त्यात साध्या व्हॅनिला आईस्क्रीमच्या १०० ग्रॅममध्ये २०७ किलोकॅलरी धरल्या आहेत. खाण्याचं माप म्हणून 'अर्धा कप' दिलाय आणि त्याचं वजन ६६ ग्रॅम. ६६ ग्रॅमचे झाले १३७. हा कप म्हणजे केक करताना मैदा मोजायला वापरतात तो मापाचा कप, साधारण २४० मिलिलिटरचा. त्याचा अर्धा म्हणजे १२० मिलिलिटर. आपल्याकडच्या कुठल्याही दुकानातल्या स्कूपने या १२० मिलिलिटरशी करार केलेला नाही. कपाची गोष्ट तर याहून घोटाळ्याची. अ‍ॅपमध्ये 'एक कप आईस्क्रीम' निवडलं तर २७३ असा आकडा येतो. लग्नाच्या पंगतीत हातात येणारा कागदी कप ५० मिलिलिटरचा असतो, दुकानातला सीलबंद बहुतेक वेळा १०० मिलिलिटरचा. म्हणजे १०० मिलिलिटरचा कप खाऊन वहीत २७३ लिहिणारा माणूस अडीच कपांचा हिशोब लिहितोय. माझ्याकडे येणाऱ्या एक काकू असं लिहून त्या रात्रीचं जेवण सोडायच्या. कुणी चुकीच्या आकड्यापायी उपाशी राहावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तर मुद्दा असा, की कॅलरी वजनाच्या मागे जातात, आकाराच्या नाही. बाकीच्या पदार्थांत हा फरक एवढा त्रास देत नाही. वाटीभर वरण आणि वाटीभर श्रीखंड यांची वजनं वेगळी असतात, पण दोन घरांच्या वाटीभर श्रीखंडाच्या वजनात फार अंतर पडत नाही. आईस्क्रीमचं तसं नाही, कारण त्यात हवा असते. दूध, साखर, मलई यांचं मिश्रण गोठवताना यंत्र त्यात हवा फेटत जातं. ती हवा नसती तर आईस्क्रीम म्हणजे गोड बर्फाची वीट झाली असती, चमचा रोवताच आला नसता. या हवेला धंद्यात 'ओव्हररन' म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आईस्क्रीम झालं की ओव्हररन शंभर टक्के.

हवा किती घालावी याला आपल्याकडे कायद्याने सीमा आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे साध्या, म्हणजे पूर्ण स्निग्धांशाच्या आईस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, आणि त्यात दुधातला स्निग्धांश किमान १० टक्के हवा. मूळ मिश्रणाचं वजन लिटरला साधारण अकराशे ग्रॅम असतं. म्हणजे ५२५ ग्रॅमचं आईस्क्रीम घेतलं तर त्या लिटरभर डब्यात निम्म्याहून थोडी जास्तच हवा असू शकते, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. दुसऱ्या टोकाला जाड, घट्ट, हाताने फिरवलेलं पॉट आईस्क्रीम किंवा इटालियन पद्धतीचं जेलाटो. त्यात हवा बरीच कमी, म्हणून लिटरचं वजन आठशे ग्रॅमच्याही वर जातं. एकाच स्कूपने दोन्ही काढली आणि दोन्ही गोळे दिसायला सारखे झाले, तरी एकात दुसऱ्याच्या दीडपट माल असतो.

१०० ग्रॅममध्ये त्या २०७ कशा होतात, हेही एकदा बघून घ्यायला हरकत नाही. स्निग्धांश ११ ग्रॅम, ग्रॅमला ९ प्रमाणे ९९. साखर-दुधातली कर्बोदकं साडेतेवीस ग्रॅम, ग्रॅमला ४ प्रमाणे ९४. प्रथिनं साडेतीन ग्रॅम, त्यांचे १४. म्हणजे साखरेला आपण जेवढा दोष देतो तेवढ्याच, किंबहुना थोड्या जास्तच, कॅलरी स्निग्धांशातून येतात. म्हणूनच 'शुगर फ्री' लिहिलं की आकडा निम्मा झाला, असं समजू नये. आणि फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असलं तरी तेही ग्रॅमला ९ च. डब्यावर जो १०० ग्रॅमचा आकडा छापलेला असतो तोच घ्यावा. मात्र तो १०० ग्रॅमचा आहे की १०० मिलिलिटरचा, हे एकदा डोळे बारीक करून बघावं. आपल्याकडे डबा मिलिलिटरमध्ये विकला जातो आणि पोषणाचा तक्ता बहुतेक वेळा ग्रॅममध्ये असतो. ७०० मिलिलिटरचा डबा ७०० ग्रॅमचा समजून गुणाकार केला तर हिशोब जवळजवळ दुप्पट होतो.

आता स्कूप. खटक्याचा स्कूप, म्हणजे मूठ दाबली की आतली पट्टी फिरून गोळा सुटतो तो, मुळात मापाचंच साधन आहे. परदेशी पद्धतीच्या स्कूपवर त्या पट्टीवर एक आकडा कोरलेला असतो. १६ लिहिलं असेल तर सपाट भरलेले १६ स्कूप म्हणजे एक अमेरिकन क्वार्ट, ९४६ मिलिलिटर. म्हणजे एक स्कूप ५९ मिलिलिटरचा. २० आकड्याचा ४७ मिलिलिटर, १२ चा ७९. आकडा मोठा तसा स्कूप लहान. पण हे सगळं सपाट भरला तर. दुकानात कुणी सपाट भरत नाही. गोळा गोल दिसावा म्हणून वर फुगवटा ठेवतात, खाली झालर सोडतात, आणि ५९ च्या स्कूपमधून ८०-८५ मिलिलिटरचा गोळा सहज निघतो. दुसरा प्रकार बिनखटक्याचा, अखंड धातूचा. त्याला मापच नसतं. तो आईस्क्रीमवरून ओढत नेला की पापुद्रा गुंडाळत गोळा होतो, आणि गोळा केवढा करायचा ते सर्वस्वी काढणाऱ्याच्या मनगटावर.

शिवाय स्कूप काढताना आईस्क्रीम दाबलं जातं आणि आतली थोडी हवा निघून जाते. धंद्यातल्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, कारण डब्यावरचं माप भागिले स्कूपचं माप, एवढे स्कूप त्या डब्यातून कधीच निघत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे नुकसान. आपल्या हिशोबात याचा अर्थ असा, की लिटरला ५४० ग्रॅम वजनाचं आईस्क्रीमसुद्धा गोळ्यात येताना मिलिलिटरला ०.६ ग्रॅमच्या आसपास धरावं.

डोळ्यांनी अंदाज करायचा असेल तर गोळ्याच्या रुंदीकडे बघावं, पण सावधपणे. आकारमान रुंदीच्या घनाने वाढतं आणि डोळा तिथे हमखास फसतो. मी एक साधी खूण वापरते : दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. दोन नाणी शेजारी ठेवली की ५.४ सेंटिमीटर. तेवढ्या रुंदीचा पूर्ण गोल गोळा ८२ मिलिलिटरचा भरतो. साध्या आईस्क्रीमचा असेल तर ४९-५० ग्रॅम, म्हणजे शंभर किलोकॅलरी. हाच गोळा अर्धा सेंटिमीटर लहान झाला तर ६२ मिलिलिटर, पाव भाग गेला. अर्धा सेंटिमीटर मोठा झाला तर १०७, म्हणजे तीस टक्के वाढला. अर्धा सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाहूनही कमी. काउंटरपलीकडून तो फरक कुणालाच दिसणार नाही. एकीकडे ७५ आणि दुसरीकडे १३०, आणि दोन्हींचं नाव 'एक स्कूप'.

हे सगळं आत्याला सांगून झाल्यावर ती म्हणाली, ''मग मी लिहू काय?'' प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ''आपण वजनच करू.''

दुकानात काटा घेऊन जायची गरज नाही, कारण आईस्क्रीम वितळलं तरी त्याचं वजन बदलत नाही. हवा निघून जाते, आकार बसतो, ग्रॅम तेवढेच राहतात. म्हणून एक स्कूप झाकणाच्या कपात घ्यायचा आणि घरी आणायचा. वाटेत त्याची बासुंदी झाली तरी बिघडत नाही. कप, झाकण, आईस्क्रीम असं एकत्र वजन करायचं. मग ते खुशाल खायचं, कप-झाकण धुऊन कोरडं करायचं आणि त्याचं वजन वजा करायचं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा याला पुरतो. कपाचं वजन वजा करायला मात्र विसरू नये. जाड कागदाचा कप आणि प्लॅस्टिकचं झाकण मिळून दहा ग्रॅम सहज भरतात, आणि एवढ्याशा मोजणीत दहा ग्रॅम म्हणजे वीस किलोकॅलरी.

आत्या जिथे नेहमी जाते त्या दुकानातला व्हॅनिलाचा एक स्कूप दुपारी आणला, तो भरला ५७ ग्रॅम. २०७ ने गुणून १०० ने भागलं, ११८. काही दिवसांनी रविवारी रात्री, ऐन गर्दीत, त्याच दुकानातून तेच आणलं. काउंटरवर दुसरा मुलगा होता. वजन ७१ ग्रॅम, म्हणजे १४७. दुकान तेच, चव तीच, भाव तोच, आणि फरक २९ किलोकॅलरींचा. तिसऱ्यांदा जरा लांबच्या दुकानातून घट्ट सीताफळ आईस्क्रीम आणलं. हातात घेतानाच जड लागलं. ते ९२ ग्रॅम निघालं. त्यावर १०० ग्रॅमचा आकडा कुठे लिहिलेला नव्हता. २०० धरले तर १८४. सीताफळाचा गर किती आणि मलई किती यावर तो थोडा इकडेतिकडे होईल, पण ग्रॅम नक्की कळले म्हणजे मोठा संशय गेला.

पहिल्या दुकानातल्या मुलाला मी विचारलं होतं, ''दादा, एक स्कूप किती ग्रॅमचा देता?'' तो म्हणाला, ''साठचा धरायचाय, ताई. पण गर्दीत हाताला जेवढा येतो तेवढा जातो.'' मला हे उत्तर फार उपयोगाचं वाटलं. साठ हा दुकानाचा मधला आकडा, आणि त्याच्या आजूबाजूला दहा-बारा ग्रॅमचं मागेपुढे. काही दुकानांत कप काट्यावर ठेवूनच भरतात. तिथे विचारलं तर लगेच सांगतात, आणि तो आकडा विश्वासाने वहीत लिहावा.

काटाच नसेल तर? मग औषधाच्या बाटलीवर येतं तसलं मिलिलिटरच्या रेघांचं मापाचं झाकण किंवा लहान मापाचा पेला घ्यावा. आईस्क्रीम पूर्ण वितळू द्यावं, फेस बसेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावं, हलक्या हाताने ढवळावं, मग मोजावं. वितळलेल्या प्रत्येक मिलिलिटरला १.१ ग्रॅम धरावा. आम्ही १०० मिलिलिटरचा सीलबंद कप असा वितळवून पाहिला, तर तळाशी जेमतेम पन्नास मिलिलिटर राहिलं. आत्या बघतच राहिली. पन्नास गुणिले १.१ म्हणजे ५५ ग्रॅम, आणि त्याचे ११४. कंपनीने फसवलेलं नाही. कायद्यातलं ५२५ चं गणित लावलं तरी १०० मिलिलिटरला साडेबावन्न ग्रॅमच येतात. पण आपण किती हवा खातो, हे असं समोर दिसलं की पुढे डब्यावरचा मिलिलिटरचा आकडा वाचताना नजर बदलते. या पद्धतीची अडचण फेसाची. काही आईस्क्रीमांत पोत टिकवणारी स्थिरकं जास्त असतात, ती वितळली तरी फसफसलेली राहतात, आणि मोजमाप फुगतं. तसंच काजू-पिस्त्याचे तुकडे, चॉकलेटच्या चकत्या असतील तर ही पद्धत सोडून द्यावी.

सीलबंद कपाचा हिशोब असा सगळ्यांत सोपा, कारण तो काठोकाठ भरलेला असतो. दुकानातल्या उघड्या कपाचं तसं नसतं. दीडशे मिलिलिटरच्या कपात एक गोळा टाकला की कडेला मोकळी जागा राहते आणि वर तो डोंगरासारखा आलेला असतो. कपाच्या आकारावरून त्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. मोठा कप दिसला म्हणून घाबरू नये आणि लहान कपात दिलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

घरच्या डब्याचं तर आणखी सोपं. डब्यावर वजन ग्रॅममध्ये छापलेलं असेल तर ते घ्यायचं, नसेल तर नवा डबा एकदा काट्यावर ठेवायचा आणि संपल्यावर रिकामा डबा वजा करायचा. मग किती वाट्या झाल्या त्याने भागायचं. ५४० ग्रॅमच्या डब्यातून बारा जणांना दिलं तर प्रत्येकाला ४५ ग्रॅम, म्हणजे ९३. स्कूपचं माप, हवा, दाब, कशाचाच विचार नको. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उन्हाळ्यात वीज जाते, डबा अर्धवट वितळतो आणि पुन्हा गोठतो. तेव्हा हवा निघून गेलेली असते, आईस्क्रीम डब्याच्या कडेपासून सुटून खाली बसतं आणि खाताना बर्फाचे कण दाताला लागतात. डब्यातलं एकूण वजन तेवढंच, पण आता तेवढाच दिसणारा गोळा जास्त ग्रॅमचा होतो.

आणि आता कोन. आत्याचा मूळ प्रश्न. सपाट बुडाचा, फिकट, पापुद्र्यासारखा हलका जो साधा कोन मिळतो, तो चार-पाच ग्रॅमचा असतो आणि त्याच्या १७ ते २० किलोकॅलरी होतात. गुंडाळलेला, टोकदार, गोडसर कुरकुरीत कोन साधारण १० ग्रॅमचा, त्याच्या ४०. दुकानातल्या दुकानात तव्यावर भाजून वळलेला मोठा वॉफल कोन मात्र वेगळ्या पंगतीतला. तो २५-३० ग्रॅमपर्यंत जातो आणि ११० ते १२० किलोकॅलरी देतो. आत चॉकलेटचा लेप असेल तर ग्रॅमला साडेपाचच्या हिशोबाने आणखी तीस-चाळीस. तोंडाशी चॉकलेट लावून वर दाण्याचा कूट किंवा रंगीत गोळ्या चिकटवल्या असतील तर त्याही धराव्यात. कोन म्हणजे मैदा, साखर आणि थोडं तेल भाजून कोरडं केलेलं, त्यामुळे ग्रॅमला साधारण ४ हा आकडा कुठल्याही कोनाला चालतो. शंका आली तर रिकामा कोन मागून त्याचं वजन करता येतं.

म्हणजे साध्या कोनात घेतलं तर आत्याने वीस मिळवायचे. हे वीस म्हणजे त्या दुकानातल्या दोन मुलांच्या हातांतल्या फरकापेक्षाही कमी. साध्या कोनाऐवजी कप निवडण्याने फारसं काही साधत नाही, आणि कोन कुरकुरीत असताना खाण्याची मजा ज्यांना कळते त्यांनी तो खुशाल घ्यावा. वॉफल कोन असेल तर मात्र तो दुसरा स्कूपच समजावा, कारण ५७ ग्रॅम व्हॅनिला आणि मोठा वॉफल कोन यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. तिथे कोन की कप हा प्रश्न खरोखर मोलाचा आहे. कोनात गोळा बसवताना तो पडू नये म्हणून आत दाबतात. खटक्याच्या स्कूपने काढला असेल तर दाबल्याने ग्रॅम वाढत नाहीत, गोळा फक्त बसका दिसतो. पण चपट्या पळीने थापून कोन भरतात तिथे आतला पोकळ भागही भरतो आणि वर टोपी येते. तिथे कोनात कपापेक्षा जास्त जातं. हे काउंटरवर उभं राहून समोर दिसतं. फक्त हाताकडे बघायचं.

पुण्यात राहून मस्तानीबद्दल न बोलता पुढे जाता येत नाही. सदाशिव पेठेत उंच ग्लासात वर गोळा ठेवून मस्तानी समोर आली की लोक त्या गोळ्याचा हिशोब करतात. पण गोळा हा तिचा लहान भाग. खाली घट्ट दूध, त्यातच घुसळलेलं आईस्क्रीम आणि साखरेचा पाक किंवा फळाचा गर. समजा दीडशे मिलिलिटर साईचं दूध, त्याचे १३०. घुसळलेलं आईस्क्रीम १०० ग्रॅम, त्याचे २००. वरचा गोळा ६० ग्रॅम, १२५. पाक सोडूनच साडेचारशे झाले. मस्तानी हे जेवण आहे असं समजून प्यावी, म्हणजे तिच्याशी प्रामाणिक राहता येतं.

मे महिन्यात आत्याकडे सगळे जमतात तेव्हा पॉट आईस्क्रीम होतं. लाकडी बादली, मधे भांडं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि आळीपाळीने हँडल फिरवणं. या वेळी तिने आधीच जाहीर केलं, की सगळं मोजून घालायचं. साईचं दूध दोन लिटर, म्हणजे २,०६० ग्रॅम. त्याच्या १०० ग्रॅमला सुमारे ८७ प्रमाणे १,७९०. साखर ३०० ग्रॅम, १,२००. हापूसचा रस अर्धा किलो, १०० ग्रॅमला ६५ धरून ३२५. एकूण ३,३१५. दूध आटवून तेराशे ग्रॅमवर आणलं. आटवताना फक्त पाणी जातं, कॅलरी पातेल्यातच राहतात. फिरवून झाल्यावर सगळं मिळून २,१०० ग्रॅम भरलं. म्हणजे १०० ग्रॅमला १५८, विकतच्या व्हॅनिलापेक्षा कितीतरी कमी. आत्याचा चेहरा खुलला. मग वाट्या भरल्या. हवा जवळजवळ नाही, त्यामुळे लहानशी वाटीसुद्धा जड. अठरा वाट्या झाल्या, प्रत्येकी ११७ ग्रॅम, १८४ किलोकॅलरी. म्हणजे ग्रॅममागे विकतच्यापेक्षा हलकं, आणि वाटीमागे त्या ५७ ग्रॅमच्या गोळ्याच्या दीडपट. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले, शेजारी 'वाटी – निळी, लहान' अशी खूण केली. रसात वेगळी साखर घातली असेल तर तीही त्या तीनशे ग्रॅममध्ये धरावी लागते. हापूस चांगला पिकलेला असला तर आत्या ती घालत नाही.